अडतीस इंचांवर

वायरमन कानामागची पेन्सिल काढतो, भिंतीला टेकवतो आणि मला विचारतो, "दादा, बोर्ड कुठं घ्यायचा?"

घर माझं नाही. माझ्या मावसबहिणीचं आहे. ती आमच्या दोघांच्या मधे उभी आहे आणि वायरमनचा प्रश्न तिच्या डोक्यावरून सरळ माझ्याकडे आलेला आहे. ताईची उंची बरोबर ४ फूट, म्हणजे ४८ इंच. सकाळीच टेप लावून झाली, कारण आजचा दिवस मोजामापांचा आहे.

"मला विचारा," ताई म्हणते. "घर माझं आहे, हप्तेही माझेच जातात."

वायरमन ओशाळतो. माणूस सरळ आहे, सवय नाही इतकंच. बाहेर नाशिकचा ऑगस्टचा पाऊस. उघडतो आणि पुन्हा लागतो. निम्मी खोकी अजून बांधलेलीच आहेत आणि त्यांतल्याच एकावर बसून मावशी गवार मोडते आहे. ताईने तिसरा मजला घेतला तेव्हा नातेवाइकांना वाटलं, वरच्या मजल्याचा भाव परवडला नसेल. खरं कारण लिफ्टमध्ये आहे. तिथल्या पट्टीवर बटणं खालून वर चढत जातात. तिसऱ्याचं बटण ताईच्या नाकासमोर येतं, आठव्याचं तिच्या बोटांच्याही वर राहतं. बिल्डरचा माणूस आठव्या मजल्याच्या गॅलरीतून डोंगर दाखवत होता, तेव्हा ही बाई खाली लिफ्टमध्ये टेप लावून उभी होती.

भिंतीवरचे जुने बोर्ड साडेचार फुटांवर आहेत, म्हणजे ५४ इंचांवर. ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि हात वर करते. वायरमन टेप सोडतो. बोटांची टोकं ५३ वर थांबतात. एक इंच कमी.

"मग ५० ला घेऊ," वायरमन खूश होतो. "आरामात पोचतंय."

"पोचतंय. आरामात नाही."

त्याला फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो कळायला बरीच वर्षं लागली. ताईला अकाँड्रोप्लेझिया आहे. हाडांची वाढ आवरून धरणारा एक जनुक असतो, तो अशा माणसांत लगाम जरा जास्तच खेचून धरतो. लांब हाडं आखूड राहतात, त्यातही दंड आणि मांड्या सगळ्यांत आखूड. धड मात्र जवळपास इतरांएवढंच वाढतं. घराण्यात कोणी बुटकं असावंच लागतं असं नाही. अशी बहुतेक मुलं साधारण उंचीच्या आईबापांपोटीच जन्मतात. मावशी ५ फूट २ इंच आहे, काका तिच्याहून उंच होते. ताईचे हात डोक्याच्या वर जेमतेम वीतभरही जात नाहीत आणि कोपर पुरतं सरळ होत नाही. त्यामुळे ५३ इंच हा टाचा उचलून, श्वास धरून गाठायचा आकडा आहे. दिवसातून वीस वेळा, ओल्या हातांनी, अंधारात, झोपेत गाठायचा नाही.

"डोळे मिटते," ताई वायरमनला सांगते. "रात्री खोलीत शिरल्यासारखी चालत येते. हात भिंतीला जिथं लागेल, तिथं खूण करा."

ती दारापर्यंत मागे जाते, डोळे मिटते, तीन पावलं चालते. हात पुढे येतो. खांदा उचलला जात नाही, कोपर थोडं वाकलेलं. तळवा भिंतीला टेकतो. वायरमन वाकून पेन्सिलीची रेघ मारतो आणि टेप लावतो.

"अडतीस."

ती पुन्हा येते. साडेअडतीस. तिसऱ्यांदा सदतीस. "३८ ला घ्या," ताई म्हणते.

आता वायरमनच्या शंका सुरू होतात, आणि त्या बिनबुडाच्या नाहीत. एवढ्या खाली बोर्ड घेतला तर येणाऱ्याजाणाऱ्यांची पोरं प्लगमध्ये बोटं घालतील. ताई पिशवीतून नवे सॉकेट काढते. त्यांच्या भोकांआड झडप आहे, पिन आत शिरल्याशिवाय ती उघडत नाही. सोफ्याच्या मागे बोर्ड झाकला जाईल. "सोफा दुसऱ्या भिंतीला आहे." पुढेमागे फ्लॅट विकायचा झाला तर? यावर मावशीच उठून येते. हातातली गवार पदराला पुसत ती पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवते. तिला वाकावं लागत नाही, मान खाली घालावी लागत नाही, हात सैल सोडून जरा पुढे केला की झालं.

"मला तर हेच बरं," मावशी म्हणते. "माझा खांदा दुखतो."

मी तिच्या बोटाकडे बघत राहतो. ५४ इंचांवरचा बोर्ड फक्त एकीच्या उपयोगाचा होता. ३८ वरचा दोघींच्या उपयोगाचा आहे, त्यासाठी कोणी काही सोडलेलं नाही. मग ही साडेचार फुटांची रीत पडली कशी? वायरमनला विचारतो. तो म्हणतो, "उस्तादानं शिकवलं तसं."

काम सुरू होतं. कटर किंचाळतो, लाल विटांची धूळ उडते. जुन्या बोर्डाच्या पेटीपासून सरळ खाली झिरी मारायची, तिच्यात पाइप बसवायचा, नवी पेटी ३८ वर रोवायची. जुन्या वायरी तिथवर पुरत नाहीत, म्हणून वरच्या पेटीत जोड द्यायचे आणि तिच्यावर कोरं झाकण बसवायचं. प्रत्येक खोलीत आता भिंतीवर एक रिकामी पांढरी चौकट राहणार आहे. दाराजवळची एमसीबीची मोठी पेटी मात्र सहा फुटांवरच राहते. घरातली प्रत्येक वायर तिथे येऊन संपते. पेटी खाली आणायची तर सगळ्यांना जोड द्यावे लागतील, आणि एवढे जोड म्हणजे एवढ्या बिघाडाच्या जागा. वायरमन ते करायला नकार देतो. ताई वाद घालत नाही. तिच्याकडे एक कोरडी लाकडी काठी आहे, टोकाला रबर बसवलेली. पडलेली कळ आधी पुरती खाली दाबायची आणि मग वर ढकलायची, हे ती काठीने करते. मी विचारतो, जमतं? ती म्हणते, "कॅरम खेळलेय मी कॉलेजात."

स्वयंपाकघरात मात्र सगळं एवढ्या सहज सुटत नाही.

बिल्डरने दिलेला ओटा ३३ इंचांवर आहे. त्यावर शेगडी ५ इंच, शेगडीवर पातेलं ७ इंच. ४५ झाले. ताईचे डोळे जमिनीपासून ४४ इंचांवर आहेत. म्हणजे उकळत्या आमटीचा काठ आणि तिचे डोळे एका रेषेत. आत काय चाललंय ते दिसत नाही, वाफ तेवढी तोंडावर येते. जुन्या घरात ती चौरंगावर उभी राहून स्वयंपाक करायची. लोकांना वाटतं, चौरंग दिला की प्रश्न मिटला. पण स्वयंपाक एका जागी उभं राहून होत नाही. शेगडीवरून सिंककडे जायचं तर चौरंगावरून उतरायचं, तेही दोन्ही हातांत गरम पातेलं धरून, पायाखाली काय आहे ते न दिसता. तिच्या डाव्या मनगटावर डाग आहे तो अशाच एका उतरण्याचा.

इथे बोर्डासारखं करता येत नाही. ओटा ताईच्या मापाने खाली आणला तर मावशीला दिवसभर कमरेत वाकावं लागेल, आणि मावशीची कंबर आधीच बोलते आहे. म्हणून गेल्या आठवड्यात गवंड्याने ओटा दोन पातळ्यांचा केला. खिडकीकडची बाजू ३३ वरच, मावशीची. आतली बाजू २४ वर, ताईची. २४ अधिक ५ अधिक ७, म्हणजे ३६. पातेल्याचा काठ ताईच्या खांद्याच्या जरासा खाली. ती उभी राहून बघते, डाव जरा हलवून बघते, मान डोलावते. खोलीसुद्धा कमी केली आहे, दोन फुटांऐवजी दीड फूट, कारण तिचा हात पुढे दीड फुटापलीकडे जात नाही. हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. उंची सगळे विचारतात, खोली कोणी विचारत नाही. कमी उंचीवर पण हाताच्या पलीकडे ठेवलेली वस्तू ही उंचावरच ठेवलेली असते.

आणि तरी एक चूक झालीच. २४ इंचांच्या ओट्याखाली गॅसचा सिलिंडर उभाच राहत नाही! ग्रॅनाइटची जाडी वजा केली की खाली २३ इंचसुद्धा उरत नाहीत, सिलिंडर त्याहून उंच. गवंडी, ताई, मी, तिघांनी टेप घेऊन कागदावर आकडे मांडले होते. सिलिंडर कोणी मोजला नाही. आता तो मावशीच्या बाजूच्या ओट्याखाली ठेवला आहे आणि नळी मधल्या उभ्या कडाप्प्याला भोक पाडून आणली आहे. नळी दीड मीटरची मिळते, म्हणून शेगडी त्याच बाजूला सरकवावी लागली. मावशी याला "सासूसुनेचा ओटा" म्हणते. घरात सून नाही, सासूही नाही.

दुपारी बँक. पत्ता बदलला, म्हणून केवायसी नव्याने करायची आहे. निघताना ताई फ्लॅटची किल्ली शोधते. किल्ली सकाळी मीच दाराशी टांगली होती, काकांच्या फोटोशेजारच्या खिळ्याला. पाच फुटांवर. ती खिळ्याकडे बघते, मग माझ्याकडे. मी मुकाट्याने किल्ली काढून देतो.

तिच्या पिशवीत दुमडता येणारं प्लास्टिकचं स्टूल असतं, ९ इंचांचं. उघडताना फटकन आवाज होतो. हे स्टूल, छत्री आणि इअरफोन एवढं घेतल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. इअरफोन गाण्यांसाठी असतील असं मला वाटतं.

पाऊस थांबला आहे. लोकांनी छत्र्या मिटून काखेत मारल्या आहेत, टोकं मागे. मी त्या टोकांकडे आजवर कधी बघितलं नव्हतं. रविवार कारंजाच्या गर्दीत ताईच्या मागून चालताना दिसतं की काखेतल्या छत्रीचं टोक नेमकं तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. सिगारेट ओढणारा झुरका घेऊन हात खाली सोडतो, तेव्हा निखारा तिच्या कपाळाजवळून जातो. ती सवयीने हाताची ढाल करून चालते. मला आधी वाटलं, ऊन लागतंय.

शेअर रिक्षात समोर चारपाच वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर बसली आहे. ती ताईकडे बघते, पुन्हा बघते, आणि विचारते, "ही मोठी आहे का छोटी?" आई तिला चिमटा काढते, इतक्या जोरात की पोरीच्या डोळ्यांत पाणी येतं. "चिमटा नका काढू," ताई म्हणते आणि मुलीला सांगते, "मी मोठी आहे. एकेचाळीस वर्षांची. माझी हाडं कमी वाढली." मुलगी जरा विचार करते. "दुखतं का?" "पाठ दुखते कधीकधी." "माझ्या आजीची पण दुखते," मुलगी म्हणते आणि विषय संपतो. तिचं बघणंही संपतं. आई मात्र उतरेपर्यंत बाहेर बघत राहते, मान अवघडेल इतकी.

मुलांचं बघणं तिला चालतं, ताई म्हणते. त्यांना उत्तर मिळालं की ती दुसरीकडे वळतात. मोठ्यांना उत्तर नको असतं. कोपऱ्यावर उतरतो तर पानटपरीशी उभ्या तिघांतला एक हळूच मोबाइल वर धरतो, सेल्फी काढतोय असं दाखवत. मला राग येतो, मी पुढे होतो. ताई माझी बाही धरते, आपला मोबाइल काढते आणि शांतपणे त्याचा व्हिडिओ घ्यायला लागते. तो गडबडतो, मोबाइल खिशात घालतो. त्याचा मित्र त्यालाच हसतो. "अप्पू" अशी एक हाक मागून येते, कोणाची ते कळत नाही. कमल हासनचा 'अप्पू राजा' आला तेव्हा ताई शाळेत होती. हाक मारणारे तेव्हा जन्मलेही नसतील. सिनेमा विसरला गेला, हाक उरली. टोकदार बोलणारे वेगळे आणि गोड बोलणारे वेगळे. फळवाली ताईला "काय पायजे बाळा?" म्हणते, आणि ताईने पेरूचा भाव पाडून मागितल्यावर एकदम "घ्या ना ताई" वर येते. एकदा एका बसच्या कंडक्टरने मदत म्हणून तिला काखेत हात घालून उचललं आणि वरच्या पायरीवर ठेवलं. आख्खी बस कौतुकाने बघत होती. तिने त्या दिवसापासून बस सोडली. बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते, ते तिने चालवून घेतलं असतं.

बँकेत शिरायला छान उतार आहे, कठडाही आहे. दाराशी चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र. आत टोकनचं मशीन. बटण हाताशी येतं. टोकन ४७. मग बसायचं.

बसणं ही किती अवघड गोष्ट असू शकते, हे त्या स्टीलच्या बाकाशेजारी उभं राहून बघावं. बाक १७ इंच उंच. ताई आधी दोन्ही हात टेकवते, कूस वळवून वर चढते. आता दोन पर्याय. मागे सरकून पाठ टेकवली तर गुडघे बाकाच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, पाय लहान मुलासारखे सरळ पुढे राहतात. कडेला आली तर पाय खाली लोंबतात, पाठीला काही नाही. ती कडेला बसते. अकाँड्रोप्लेझियात मणक्यातली मज्जारज्जूची वाट मुळातच अरुंद असते. आधाराशिवाय पाय लोंबत ठेवून बसलं की कंबर ओढली जाते आणि मांड्यांत मुंग्या येतात. दहा मिनिटांनी ती स्टूल फटकन उघडून पायांखाली घेते. तेवढ्याने खांदे खाली येतात, चेहरा सैल होतो. ऑफिसात तिच्या टेबलाखाली कायमचा लाकडी खोका आहे. खुर्ची टेबलाच्या मापाने वर चढवावी तर पाय अधांतरी, पायांच्या मापाने खाली आणावी तर की-बोर्ड छातीशी. खोक्याने दोन्हीचा मेळ बसतो. पाठीमागे तक्क्या, म्हणजे बैठकीची खोली कमी होते.

पडद्यावर ४७ येतो. ताई काउंटरशी जाते. काउंटर ४४ इंच, वर काच. तिचे डोळे ४४ वर. पलीकडच्या बाईंना ग्रॅनाइटच्या कडेवर केस आणि कपाळ तेवढं दिसत असणार, तेही मान वर केली तर. त्या मान वर करत नाहीत.

"सत्तेचाळीस! नाहीयेत का?" आणि बटण दाबतात. ४८. मागचा गृहस्थ ताईच्या डोक्यावरून कागद पुढे करतो.

"सत्तेचाळीस इथं आहेत," ताई खालून म्हणते. बाई उठून वाकून बघतात, दचकतात, आणि मला विचारतात, "यांना काय हवंय?" सकाळचा वायरमन आठवतो. मी उत्तर देत नाही. हे मला ताईने शिकवलं आहे. मी उत्तर दिलं की पुढचं सगळं बोलणं माझ्याशीच होतं.

कोपऱ्यात एक बुटकं काउंटर आहे. ३० इंचांचं, खाली गुडघ्यांना जागा, वर तेच निळं चित्र. त्यावर प्रिंटर, तीन वर्षांपूर्वीची कॅलेंडरं आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे. ताई तिकडे बोट दाखवते. "तिथं सिस्टीम नाही," बाई म्हणतात. मग स्टूल. ताई वर चढते, आता काउंटर तिच्या छातीशी येतं. कागद तपासले जातात. सही.

सहीशी गाडी अडते. बाई पडद्यावरची सही आणि कागदावरची सही बघतात. "मॅच होत नाही."

होणार नाहीच. आपण टेबलावर हात टेकवून सही करतो, मनगट फिरतं. ताईने सही केली आहे ती खांद्यापर्यंत उचललेल्या हाताने, कोपर हवेत, नऊ इंचांच्या स्टुलावर तोल सांभाळत, वर दोरीला बांधलेला पेन. आडवी रेघ तिरकी गेली आहे, शेवटचा फराटा तुटला आहे. बाई दुसरा फॉर्म देतात. दुसरीही तशीच. मागे रांगेत कोणीतरी "च्च" करतं.

ताई खाली उतरते, फॉर्म घेते, कोपऱ्यातल्या काउंटरपाशी जाते आणि कॅलेंडरांचा गठ्ठा बाजूला सरकवते. हातभर जागा होते. ती उभ्याने, हात टेकवून सही करते. माझ्या डोळ्यांदेखत तीच सही वेगळी होते. गोलाई येते, फराटा पूर्ण जातो. बाई बघतात. पडद्याकडे, कागदाकडे. "आता बरोबर आहे," त्या म्हणतात, आणि जरा थांबून, पहिल्यांदाच सरळ ताईकडे बघून, "बसा ना तिथंच, पुढचे कागद मी आणून देते."

आवाज ऐकून साहेब बाहेर आले आहेत. भले गृहस्थ. उतार त्यांनीच पाठपुरावा करून बांधून घेतला आहे, ते दाखवतात. "हे काउंटर व्हीलचेअरवाल्यांसाठी आहे," ते समजावतात, "पण आमच्याकडे तसं कोणी येत नाही." चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जवळपास ताईच्या डोळ्यांएवढ्याच उंचीवर येतात, हे त्यांना सुचलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत बुटकेपणाही आहे. प्रौढ माणूस ४ फूट १० इंच किंवा त्याहून कमी असेल तर तो त्यात बसतो. १९९५ च्या जुन्या कायद्यात याचा वेगळा उल्लेखच नव्हता. पण चित्र मात्र एकच, चाकाच्या खुर्चीचं, आणि लोक चित्र वाचतात. उलटही होतं. एका मॉलमधल्या दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात कमोड मुद्दाम उंच बसवलेला आहे, १९ इंचांवर, खुर्चीतून सरकायला सोपं जावं म्हणून. ते बरोबरच आहे. ताई तिथे जात नाही. शेजारच्या साध्या स्वच्छतागृहातला १६ इंची तिला त्यातल्या त्यात बरा पडतो. बोर्डाचं जमलं तसं सगळ्याचं जमत नाही.

बाहेर एटीएम. मी बाहेरच थांबतो, पण दार काचेचं आहे. आकड्यांची बटणं तिला गाठता येतात. अडचण पडद्याची आहे. तो साडेपाच फुटी माणसाच्या नजरेला धरून कलवलेला असतो. खालून बघितलं की अक्षरं दिसत नाहीत, ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा दिसतो. मीही गुडघ्यांत वाकून बाहेरूनच बघतो. खरंच दिसत नाही. स्टुलावर चढावं, तर दाराकडे पाठ, पायाखाली नऊ इंच, हातात पैसे. ते तिला नको असतं. अनोळखी माणसाला बोलवावं, तर तो पिन बघतो. ताई पिशवीतून इअरफोन काढते आणि मशीनच्या एका छोट्या भोकात पिन घालते. अंधांसाठी बोलकी एटीएम असतात, हे त्यांतलं. ते तिच्या कानात सांगत जातं, ती बटणं दाबत जाते. पडद्याकडे एकदाही बघत नाही.

"अमेरिकेत ही उंची कमी करून घेतली आमच्यासारख्या लोकांनी," चालताना ती सांगते. तिकडच्या अपंगांसाठीच्या मानकांत बाजूने हात पोचण्याची मर्यादा आधी ५४ इंच धरलेली होती. लिटल पीपल ऑफ अमेरिका या कमी उंचीच्या माणसांच्या जुन्या संघटनेने ती खाली आणा म्हणून लावून धरलं. २०१० च्या नव्या मानकांत ४८ आली. "सहा इंच," ताई म्हणते आणि अंगठा व करंगळी ताणून दाखवते. तिच्या हाताची वीत सहा इंचांची नाही, म्हणून दोनदा.

पेरूवालीला ती क्यूआर कोडने पैसे देते. कोड वर बांबूला टांगलेला आहे, मोबाइल वर धरला की दुरूनच वाचतो. आधी सुटे पैसे गाडीच्या कडेवरून चाचपून घ्यावे लागायचे. ती यूपीआयवर एकदम खूश आहे.

रिक्षाची वाट बघताना एक आजोबा थांबतात, चष्मा वर करतात. "नागपूरची ती ज्योती आमगे तुमची कोण?" जगातली सर्वांत बुटकी हयात स्त्री म्हणून ज्योती आमगे यांचं नाव गिनेस बुकात २०११ साली गेलं, उंची ६२.८ सेंटिमीटर. ताई त्यांच्या जवळपास दुप्पट आहे. "कोणी नाही," ताई म्हणते. "तुम्ही अमिताभ बच्चनचे कोण?" आजोबा सहा फुटी आहेत. ते क्षणभर बघतात आणि खदाखदा हसतात.

घरी पोचतो तेव्हा सात वाजलेत आणि पुन्हा सडकून पाऊस आहे. लिफ्टमध्ये ताई तिसऱ्याचं बटण दाबते. वायरमन निघून गेला असणार. दाराच्या फटीतून उजेड येतो आहे, म्हणजे नवे बोर्ड चालू झाले. किल्लीची गरज नाही, मावशी आत आहे, आणि तिने संध्याकाळची कडी लावून घेतली आहे. ताई बेलकडे हात नेते.

बेल पाच फुटांवर आहे.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे राहतो. सकाळपासून घरातली भिंतन् भिंत मोजली. दाराबाहेरची भिंत आमच्या, गवंड्याच्या, वायरमनच्या, कोणाच्याच डोक्यात आली नाही. माझा हात आपसूक वर जातो. ताई माझ्याकडे बघते. मी हात खाली घेतो.

ती छत्री उलटी धरते आणि टोकाने बेल दाबते. आत पावलं वाजतात, दारापाशी येऊन थांबतात. दाराला भिंग आहे, बेलच्याच रेषेत. मी एका बाजूला, भिंतीला टेकून उभा आहे. त्यातून मी दिसणार नाही.

"कोण आहे?" मावशी आतून विचारते.

"मी गं."

"मग दिसत का नाही कोणी?"

"आई, भिंगातून मी कधी दिसलेय?"

आत शांतता. मावशी अजूनही भिंगाला डोळा लावून असावी. ताई छत्री पुन्हा वर करते आणि तिचं ओलं टोक भिंगासमोर डावीउजवीकडे हलवते. कडी निघते.